हैदराबाद बँकेचा हिशेब कुणी मांडायचा?

स्टेट बँक ऑफ इंडियाने २०२४-२५ या वर्षात ७०,९०१ कोटी रुपयांचा निव्वळ नफा कमावला. तेव्हापासून एक युक्तिवाद अर्थखात्याच्या निवेदनांपासून वाणिज्य महाविद्यालयांच्या वर्गांपर्यंत पुन्हा जोमाने ऐकू येतो. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा पुष्कळांनी शंका घेतल्या. आज मात्र बँक विक्रमी नफ्यात आहे, म्हणजे विलीनीकरण यशस्वी ठरले, म्हणजे उरलेल्या सरकारी बँकाही एकत्र कराव्यात, असा तो युक्तिवाद. नांदेड आणि लातूरसाठी तो दूरच्या मुंबईचा विषय नाही. विलीन झालेल्या पाच बँकांपैकी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही या दोन जिल्ह्यांची अग्रणी बँक होती.

हा युक्तिवाद चुकीचा आहे. त्यातले आकडे खरे आहेत, पण त्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष त्यांतून निघत नाही. आणि हा निष्कर्ष वापरून पुढची विलीनीकरणे होत असल्यामुळे त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे भाग आहे.

आधी ही बँक कोणती होती ते पाहू. निजामाच्या राजवटीत १९४१ साली ‘हैदराबाद स्टेट बँक’ स्थापन झाली. उस्मानिया सिक्का हे संस्थानाचे चलन सांभाळणे, सरकारी तिजोरीचे व्यवहार करणे ही तिची मुख्य कामे. मराठवाडा त्या संस्थानात असल्यामुळे नांदेड, परभणी, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सरकारी चलन भरायचे ते याच बँकेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. तो स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली. १९५६ मध्ये बँक रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली, तिचे नाव बदलले, आणि १९५९ च्या कायद्याने ती स्टेट बँकेची उपकंपनी झाली. त्याच सुमारास मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्याची राजधानी बदलली, बँकेचे मुख्यालय मात्र हैदराबादलाच राहिले. मोंढ्यातल्या आडत्यांच्या, डाळमिलवाल्यांच्या आणि शिक्षकांच्या बोलण्यात ती कायम ‘हैदराबाद बँक’ राहिली.

आता मूळ प्रश्न. दोन कंपन्या एकत्र आल्याने मूल्य निर्माण झाले, असे केव्हा म्हणायचे? कॉर्पोरेट फायनान्सचे उत्तर साधे आहे. एकत्र आल्यावरची त्यांची किंमत ही वेगवेगळ्या राहिल्या असत्या तर झाली असती त्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त असली पाहिजे, आणि ही वाढ एकत्रीकरणाच्या खर्चापेक्षाही जास्त असली पाहिजे. यातला अवघड भाग ‘राहिल्या असत्या तर’ हा आहे. नुसता आजचा नफा पाहून तो भाग कळत नाही. विलीनीकरणानंतर सात-आठ वर्षांनी नफा वाढला, एवढ्याने तो विलीनीकरणामुळे वाढला हे सिद्ध होत नाही. त्या काळात आणखी काय काय बदलले ते वजा करावे लागते.

हे वजा करताना विरोधकांनाही सूट देता कामा नये. २०१६-१७ मध्ये स्टेट बँकेचा स्वतःचा नफा १०,४८४ कोटी होता. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, बँकेला ६,५४७ कोटींचा तोटा झाला. ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण ६.९० टक्क्यांवरून १०.९१ टक्क्यांवर गेले. कामगार संघटनांनी तेव्हा हे आकडे पुढे करून विलीनीकरणाला दोष दिला. तोही अन्याय होता. ३१ मार्च २०१७ चे सगळ्या बँकांचे आकडे एकत्र मांडले तर थकीत कर्जे १,७७,८६६ कोटी भरतात, त्यांतली १,१२,३४३ कोटी स्टेट बँकेची स्वतःची होती. उरलेली सुमारे ६५ हजार कोटी सहयोगी बँकांच्या वहीत आधीपासूनच पडलेली होती. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सगळ्या बँकांची कर्जे नव्याने तपासायला घेतली, १२ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने पुनर्रचनेच्या जुन्या पळवाटा बंद केल्या, आणि वर्षानुवर्षे झाकलेली कर्जे उघडी पडली. हे विलीनीकरण झाले नसते तरी घडलेच असते.

आणखी एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. स्टेट बँकेच्या समूहाचा, म्हणजे उपकंपन्या धरून एकत्रित, नफा २०१६-१७ मध्ये फक्त २४१ कोटी होता. स्वतःचा १०,४८४ कोटी आणि समूहाचा २४१ कोटी, यांतली तफावत मुख्यतः सहयोगी बँकांच्या तोट्याची. हैदराबाद बँकेची पूर्ण मालकी आधीपासूनच स्टेट बँकेकडे होती. तिचा तोटा स्टेट बँकेच्या भागधारकाच्या खिशातून विलीनीकरणापूर्वीही जात होता आणि नंतरही जात राहिला. विलीनीकरणाने तो एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला, एवढेच. म्हणून २०१८ चा तोटा विलीनीकरणाच्या माथी मारता येत नाही. पण मग ज्या न्यायाने तो तोटा विलीनीकरणाचा नाही, त्याच न्यायाने २०२५ चा नफाही विलीनीकरणाचा ठरत नाही. समर्थक पहिले वाक्य आनंदाने मान्य करतात आणि दुसऱ्यापाशी थांबतात.

यावर ते म्हणतील, तोटा जुन्या कर्जांचा होता, पण त्यातून बाहेर पडण्याची ताकद आकारामुळे आली. छोट्या बँका बुडाल्या असत्या. हा दावा तपासता येतो, आणि तपासायला दूर जावे लागत नाही. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र समोरच आहे.

२०१७ मध्ये या बँकेची अवस्था हैदराबाद बँकेपेक्षा बरी नव्हती. त्या वर्षी जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर कडक निर्बंध घातले. २०१७-१८ मध्ये १,१४६ कोटींचा तोटा झाला, ढोबळ थकीत कर्जे १९.४८ टक्क्यांवर गेली, म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जातले जवळजवळ वीस रुपये अडकलेले. पुढच्या वर्षी तोटा ४,७८४ कोटींवर गेला. आकारावर विश्वास असणाऱ्या कुणालाही त्या दिवशी विचारले असते, तर ही बँक कुठल्यातरी मोठ्या बँकेत मिळवून टाका, असाच सल्ला मिळाला असता. ३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा केली. त्या यादीत बँक ऑफ महाराष्ट्रचे नाव नव्हते. ती एकटी राहिली.

२०१९-२० मध्ये ती नफ्यात आली. २०२४-२५ मध्ये तिचा नफा ५,५२० कोटी झाला, ढोबळ थकीत कर्जे १.७४ टक्के आणि तरतुदी वजा जाता उरलेली निव्वळ थकीत कर्जे ०.१८ टक्के. सरकारी बँकांत ही कामगिरी वरच्या रांगेतली आहे. कुणालाही पोटात न घेता आणि कुणाच्या पोटात न जाता ती इथवर आली. इंडियन ओव्हरसीज बँक, सेंट्रल बँक, युको बँक याही कुणात मिळाल्या नाहीत, त्याही तोट्यातून नफ्यात आल्या. सरकारी बँकांचा एकत्रित तोटा २०१७-१८ मध्ये ८५ हजार कोटींच्या वर होता. २०२४-२५ मध्ये बाराही बँका नफ्यात होत्या आणि एकत्रित नफा सुमारे १.७८ लाख कोटी झाला. विलीन झालेल्याही सावरल्या, न झालेल्याही सावरल्या. मग सावरण्याचे कारण विलीनीकरण कसे? कारणे दोन्ही गटांना समान होती: दिवाळखोरी संहितेने झालेली वसुली, बुडीत कर्जांसाठी आधीच करून ठेवलेल्या तरतुदी, सरकारने ओतलेले भांडवल, आणि साथीच्या रोगानंतर वाढलेले व्याजदर व कर्जांची मागणी.

बँक ऑफ महाराष्ट्र हे एकच उदाहरण आहे, असा आक्षेप येईल. तो योग्य आहे. एका बँकेवरून नियम बनत नाही. पण ‘विलीन न झालेली कमकुवत बँक तगू शकत नाही’ हा नियम मोडायला एक उदाहरण पुरते, आणि इथे चार आहेत.

आता विलीनीकरणाने जो फायदा व्हायचा होता त्याकडे वळू. कंपन्या एकमेकींना का घेतात, याची चांगली कारणे मोजकीच असतात. दोघींचा एकच खर्च दोनदा होत असेल तर तो वाचवायचा. एकीकडे असलेले कौशल्य दुसरीकडे न्यायचे. मोठे झाल्यावर भांडवल स्वस्त मिळते किंवा मोठे कर्ज एकट्याने देता येते. स्टेट बँकेच्या बाबतीत ही सगळी कारणे सांगितली गेली. पण हैदराबाद बँक ही परक्याची बँक नव्हती. तिचा अध्यक्ष स्टेट बँकेचाच अध्यक्ष असे. विलीनीकरणाच्या वेळी त्या पदावर अरुंधती भट्टाचार्य होत्या. व्यवस्थापकीय संचालक स्टेट बँकेतून येत. दोघींची मुख्य संगणकप्रणाली एकाच घराण्यातली, एटीएमचे जाळे सामाईक, बोधचिन्हातले निळे वर्तुळही तेच. नांदेडच्या हैदराबाद बँकेचे कार्ड मुंबईच्या स्टेट बँकेच्या एटीएममध्ये विलीनीकरणाच्या कितीतरी आधीपासून चालत होते. म्हणजे जी बचत दोन परक्या बँका एकत्र आल्यावर होते, तिचा मोठा भाग इथे आधीच पदरात पडलेला होता. तो पुन्हा मोजता येत नाही.

उरली ती मुख्यालये आणि एकाच रस्त्यावरच्या दोन शाखा. हे खरे आहे की बऱ्याच गावांत स्टेट बँक आणि हैदराबाद बँक समोरासमोर होत्या, आणि एकत्रित बँकेच्या सुमारे २४ हजार शाखांपैकी वर्षभरात दीड हजाराहून अधिक कमी झाल्या. यात बचत दिसते. पण ती किती, हे एका तालुक्याच्या गावाचा हिशेब मांडून पाहावे.

समजा, एका शाखेत ६० कोटींच्या ठेवी आहेत. ती बंद करून समोरच्या शाखेत मिळवली. कर्मचारी कमी करायचे नाहीत असे धोरण असल्यामुळे पगार वाचत नाही, माणसे दुसऱ्या शाखेत जातात. वाचते ते भाडे, वीज, सुरक्षारक्षक, रोख ने-आण. हे वर्षाला ३० लाख धरू. आता ठेवींवर बँकेला सुटणारा फरक अडीच टक्के धरला, तर वर्षाला ३० लाखांचे उत्पन्न गमावायला १२ कोटींच्या ठेवी जाव्या लागतात. म्हणजे पाचातला एक ठेवीदार समोरच्या गर्दीला कंटाळून पतसंस्थेत, नागरी बँकेत किंवा खासगी बँकेत गेला की बचत संपली. आकडे प्रत्येक गावात वेगळे असतील, पण गणित हेच. विलीनीकरणाच्या सादरीकरणात ३० लाखांची ओळ ठळक असते; गेलेल्या ठेवीदाराची ओळ त्यात नसते, कारण तो निघून गेल्याची पावती कुणी फाडत नाही.

आणि सगळाच वाढलेला पैसा नवे मूल्य नसतो. विलीनीकरण झाले त्याच दिवशी, १ एप्रिल २०१७ पासून, स्टेट बँकेने बचत खात्यात किमान सरासरी शिल्लक नसेल तर दंड आकारणे पुन्हा सुरू केले: महानगरांत पाच हजार, शहरांत तीन हजार, निमशहरी भागात दोन हजार आणि ग्रामीण भागात एक हजार रुपये. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडातून १,७७१ कोटी रुपये जमा झाले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतल्या बँकेच्या १,५८१ कोटींच्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. हैदराबाद बँकेचे खातेदार त्या सकाळी आपोआप या नियमाखाली आले. दंड पुढे दोनदा कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये रद्द झाला. पण त्या आठ महिन्यांची रक्कम ज्यांनी नफ्यात धरली, त्यांनी हे पाहिले पाहिजे की औशाच्या शेतमजुराच्या खात्यातून शंभर रुपये निघून बँकेच्या उत्पन्नात गेले तर समाजात एक रुपयाचीही भर पडत नाही. विलीनीकरणानंतर कंपनीचे उत्पन्न वाढलेले दिसले की ते खर्च कमी झाल्यामुळे वाढले की ग्राहकाला दुसरीकडे जाणे अवघड झाल्यामुळे वाढले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. सरकारी पगार, निवृत्तिवेतन किंवा अनुदान ज्या शाखेत येते ती शाखा खातेदार सहजासहजी बदलू शकत नाही.

याहून मोठी बाब कर्जाची आहे. लातूरच्या बाजारात ऑक्टोबरपासून सोयाबीन येते, जानेवारीपासून नवी तूर. आडत्याला शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी चुकती करायची असते. डाळमिलचा मालक भाव खाली असताना माल भरून ठेवतो. दोघांनाही त्या सहा-आठ आठवड्यांसाठी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी असते. कागदावर त्यांची अर्थपत्रके एकसारखी दिसतात. कुणाचा माल खरोखर गोदामात आहे, कुणाने एकच पोती दोन बँकांना दाखवली आहेत, कुणाच्या दुष्काळातल्या थकबाकीमागे पाऊस होता आणि कुणाच्या मागे नियत, हे शाखाधिकाऱ्याला माहीत असते, कारण तो त्या बाजारात वावरतो. ही माहिती अर्जाच्या रकान्यांत बसत नाही. निर्णयाचा अधिकार जितका वर सरकतो तितकी ती गळत जाते, आणि वर बसलेला अधिकारी फक्त रकाने पाहून मर्यादा ठरवतो.

यावर अर्थशास्त्रात नेटके संशोधन झाले आहे. बर्जर, मिलर, पीटरसन, राजन आणि स्टाइन यांच्या २००५ च्या निबंधात अमेरिकी बँकांची तुलना आहे. मोठ्या बँका कर्जदारापासून अधिक अंतरावरून, अधिक व्यक्तिनिरपेक्ष पद्धतीने व्यवहार करतात, आणि ज्यांच्याकडे नीट कागदपत्रे नाहीत अशा छोट्या उद्योगांशी नाते टिकवणे त्यांना जमत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या पाचांतले राजन म्हणजे रघुराम राजन. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना ज्यांनी बँकांची थकीत कर्जे उघडी पाडली, तेच. थकीत कर्जांबद्दल त्यांचा हवाला देणारे विलीनीकरणाचे समर्थक हा निबंध मात्र वाचत नाहीत.

आकाराच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळू नये. बँक एका कर्जदाराला आपल्या भांडवलाच्या ठरावीक प्रमाणातच कर्ज देऊ शकते. बंदर, वीजप्रकल्प, महामार्ग यांना लागणारी रक्कम छोट्या बँकेच्या आवाक्यात नसते. हे खरे. पण त्यासाठी अनेक बँकांनी मिळून कर्ज देण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती वापरूनच छोट्या बँकांनी मोठ्या प्रकल्पांना कर्जे दिली होती. थकीत कर्जांचा डोंगर उभा राहिला तो प्रामुख्याने मोठ्या उद्योगांच्या कर्जांतून. तिथे कमी पडली ती कर्ज पारखण्याची आणि वेळेवर नाही म्हणण्याची शिस्त. आकार वाढवल्याने ती येत नाही. उलट एका चुकीच्या निर्णयाची रक्कम वाढते.

इथे कॉर्पोरेट फायनान्सच्या विद्यार्थ्याला एक शंका यायला हवी. पुस्तकांत सांगितले जाते की अधिग्रहणे फसतात ती मुख्यतः जास्त किंमत दिल्यामुळे. हैदराबाद बँकेसाठी तर स्टेट बँकेने किंमतच मोजली नाही. ती तिचीच होती. मग मूल्य जाणार कुठून?

किंमत मोजून फसलेला व्यवहार पाहिला की फरक कळतो, आणि त्यासाठी बेळगावपर्यंत जाणे पुरेसे आहे. नरेंद्र आणि विद्या मुरकुंबी या मायलेकांनी उभारलेल्या श्री रेणुका शुगर्सची सुरुवातीची वाढ अधिग्रहणांवरच झाली होती, आणि ती शहाणपणाची होती. १९९८ च्या सुमारास त्यांनी निजाम शुगर्सचा आंध्रातला बंद कारखाना घेतला आणि यंत्रसामग्री हलवून बेळगाव जिल्ह्यात मुनवळ्ळीजवळ, ऊस होता तिथे, उभी केली. स्वस्तात मिळालेले लोखंड योग्य जागी नेल्याने त्याची किंमत वाढली. मूल्यनिर्मिती म्हणतात ती हीच. यानंतर २००९-१० मध्ये कंपनी ब्राझीलला गेली. आधी ‘वाले दो इवाई’ ही कंपनी पूर्ण घेतली, मग ‘एक्विपाव’ या मोठ्या कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा. कारण पटण्यासारखे होते: भारतात उसाचा भाव सरकार ठरवते, पीक पावसावर, ब्राझीलमध्ये स्वतःची ऊसशेती, वर्षातला वेगळा हंगाम, सोबत इथेनॉल. पण व्यवहार ठरत होता तेव्हा जागतिक बाजारात साखर पौंडाला सुमारे ३० सेंटवर होती, जवळजवळ तीन दशकांतला उच्चांक. साखरेचा भाव शिखरावर असताना साखर कारखान्याची किंमत ठरते तेव्हा तेजी पुढेही चालणार हे गृहीतक त्या किमतीत आधीच भरलेले असते. त्यात घेतलेल्या कंपनीवर मोठे कर्ज, तेही बऱ्याच अंशी डॉलरमध्ये. पुढे दुष्काळ, जुने झालेले उसाचे फड, रेआल या चलनाची घसरण, आणि तिथल्या सरकारने पेट्रोलचे दर दाबून ठेवल्याने इथेनॉलचा पडलेला भाव. २०१५ च्या ऑगस्टमध्ये साखर ११ सेंटच्या खाली आली. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या कंपन्यांनी न्यायालयाकडे संरक्षण मागितले. २०१८ मध्ये मूळ कंपनीची सूत्रे सिंगापूरच्या विल्मारकडे गेली आणि मुरकुंबी कुटुंब बाहेर पडले.

दुष्काळाने घात केला, असे यावर म्हणतात. मांजरा खोऱ्यातल्या कुणालाही हे स्पष्टीकरण पुरेसे वाटू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या काळात उसाअभावी मराठवाड्यातले गाळप कसे कोलमडले हे इथे सर्वांनी पाहिले आहे. ऊसधंद्यात दुष्काळ हा अपघात नाही. तो दर काही वर्षांनी येणारा खर्च आहे. तो किमतीत वजा केला नसेल तर चूक किंमत ठरवणाऱ्याची आहे, पावसाची नाही.

रेणुकाच्या व्यवहाराने भागधारकांचे पैसे गेले, पण त्यात एक गोष्ट होती: किंमत मोजली गेली होती, म्हणून चूक दिसली. शेअरचा भाव रोज तिचा निकाल देत होता, सावकार दारात उभे होते, आणि शेवटी जबाबदार मालकांना जावे लागले. हैदराबाद बँकेच्या विलीनीकरणात यातले काहीच नव्हते. बाहेरचे भागधारक असलेल्या तीन सहयोगी बँकांसाठी निदान शेअर अदलाबदलीचे प्रमाण जाहीर झाले: म्हैसूर आणि त्रावणकोर बँकांच्या दहा शेअरना स्टेट बँकेचे बावीस, बिकानेर-जयपूरच्या दहांना अठ्ठावीस. हैदराबादसाठी कसलाच भाव फुटला नाही. किंमत नसली की अमुक इतकी बचत झालीच पाहिजे, अन्यथा दिलेले पैसे वाया, असे बंधनही राहत नाही. अशा व्यवहारात मूल्य गेले तर ते भागधारकाच्या खात्यातून ठळकपणे जात नाही. ते उरलेल्या शाखेपुढच्या लांब रांगेत, तुरीच्या हंगामात वेळेवर न वाढलेल्या कर्जमर्यादेत, बदललेल्या आयएफएससी क्रमांकामुळे अडकलेल्या अनुदानात विखरून जाते. ते दिसत नाही म्हणून ते नाही, असे म्हणणे हा हिशेब न मांडण्याचा मार्ग आहे.

‘नव्वद टक्के विलीनीकरणे फसतात’ हे वाक्य दुसऱ्या बाजूने फेकले जाते. त्यालाही अर्थ नाही. फसणे कशाला म्हणायचे ते ठरवल्याशिवाय अशा टक्केवारीचा उपयोग नसतो. विकणाऱ्याच्या भागधारकांना सहसा चांगला दर मिळतो. प्रश्न असतो घेणाऱ्याच्या पदरात काय राहते याचा. मोलर, श्लिंगमन आणि स्टुल्झ यांनी दाखवले की १९९८ ते २००१ या काळात अमेरिकेत अधिग्रहणांच्या घोषणांभोवतीच्या मोजक्या दिवसांत घेणाऱ्या कंपन्यांच्या भागधारकांचे २४० अब्ज डॉलर बुडाले, आणि त्यातला बहुतेक तोटा थोड्याशा अतिप्रचंड व्यवहारांचा होता. सरसकट टक्केवारीपेक्षा हे अधिक उपयोगी आहे, कारण कुठले व्यवहार घातक याची दिशा त्यात मिळते: आधीच्या यशाने धीट झालेल्या मोठ्या कंपनीचा आणखी मोठा व्यवहार.

नांदेडसाठी हा प्रश्न संपलेला नाही. ग्रामीण बँका जिल्ह्याच्या मातीतल्या असाव्यात या विचाराने १९७६ साली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली, तिचे मुख्यालय नांदेडला होते. २००९ मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि पुढे मुख्यालय औरंगाबादला गेले. १ मे २०२५ पासून ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ धोरणानुसार त्यात विदर्भ कोकण ग्रामीण बँकही मिळाली. किनवटच्या आदिवासी वाडीतला कर्जदार आणि सिंधुदुर्गातला आंबा बागायतदार आता एकाच ग्रामीण बँकेचे ग्राहक आहेत. समर्थनाला पुन्हा तीच कारणे आहेत: खर्च कमी, तंत्रज्ञान एक, भांडवल मोठे. पुढच्या चार-पाच वर्षांत या बँकेचा नफा वाढला, तर तो विलीनीकरणाचा पुरावा म्हणून पुढे केला जाईल.

त्याआधी करण्यासारखे काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या वाणिज्य विभागांना सहज जमण्यासारखे आहे. ठेवी आणि कर्जांची जिल्हावार आकडेवारी रिझर्व्ह बँक दर तिमाहीला प्रसिद्ध करते; जिल्हास्तरीय बँकर्स समितीपुढे वार्षिक पतपुरवठा आराखड्याचे उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष वाटप येते. नांदेड आणि लातूरचे मार्च २०१५ पासूनचे आकडे घ्यावेत, आणि शेजारी जालन्याचे घ्यावेत, जिथे बँक ऑफ महाराष्ट्र ही अग्रणी बँक आहे आणि ती बदलली नाही. पाऊस आणि पिके बऱ्याच अंशी सारखी असल्यामुळे ही तुलना न्याय्य ठरते. २०१७ नंतर दोन लाखांखालच्या कर्जांचे काय झाले, आडत आणि डाळमिलच्या खेळत्या भांडवलाचे काय झाले, ठेवींच्या मानाने कर्जे वाढली की घटली, हे दोन्हीकडे तपासावे. ग्रामीण बँकेसाठी तर आजच, एप्रिल २०२५ चा शाखानिहाय कर्जवाटपाचा आकडा, शाखाधिकाऱ्याची मंजुरीमर्यादा आणि अर्ज ते वाटप यांतले दिवस नोंदवून ठेवावे लागतील. हे आकडे आज बँकेकडे आहेत. संगणकप्रणाली आणि शाखांचे क्रमांक बदलले की जुना आणि नवा आकडा जुळवणे कठीण होते.